चूक की बरोबर? एका छोट्या मॅट्रिक्सची साक्ष

आयआयटीच्या ‘जॅम’ परीक्षेत गणिताच्या पेपराचा एक भाग असा असतो, की प्रश्नाखाली चार विधानं दिलेली असतात आणि त्यांतली एक, दोन, तीन किंवा चारही बरोबर असू शकतात. बरोबर असलेली सगळी निवडली आणि चुकीचं एकही निवडलं नाही, तरच गुण मिळतात. तीन बरोबर विधानांपैकी दोनच ओळखली, तर हाती शून्य. ‘सीएसआयआर-नेट’च्या गणिताच्या पेपरात शेवटच्या भागाची रीत हीच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत तर अनेक वर्षं ‘हे विधान बरोबर की चूक’ एवढंच विचारलं जायचं. अशा पेपरांमध्ये लिनियर अल्जिब्राची विधानं हमखास असतात, आणि तयारीची मुलंही तिथे सापडतात.

ती का सापडतात, याचं कारण मला फार स्पष्ट दिसतं. मॅट्रिक्स हाताळताना आपण नकळत संख्यांच्या सवयीने वागतो. त्यातच आणखी एक गोंधळ होतो: दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आपण एकाच खुणेवरून काढू पाहतो. या दोन्ही चुका उघड करायला एकच छोटीशी मॅट्रिक्स बहुतेक वेळा पुरते. तिच्यात चार जागा आहेत. तीन ठिकाणी शून्य आणि एका ठिकाणी एक. ती अशी:

N = [0 1; 0 0]

पहिली ओळ 0, 1. अर्धविरामानंतरची दुसरी ओळ 0, 0. या लेखात मॅट्रिक्स अशाच लिहिल्या आहेत; काही ठिकाणी अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम आहे.

ज्यांचा मॅट्रिक्सशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. दोन ओळी आणि दोन स्तंभांची मॅट्रिक्स म्हणजे प्रतलातला एक बिंदू घेऊन दुसरा बिंदू देणारा नियम. [a b, c d] ही मॅट्रिक्स (x, y) हा बिंदू घेते आणि (ax + by, cx + dy) हा बिंदू देते. दोन मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे एकामागून एक दोन्ही नियम लावणं. AB मध्ये आधी B लागतो, मग A. आपल्या N चा नियम मग अगदी सोपा होतो: (x, y) दिला की (y, 0) मिळतो. (3, 5) दिला तर (5, 0). त्यावर पुन्हा N लावली तर (0, 0). बिंदू कुठलाही घ्या, दोन पावलांत तो मूळ बिंदूवर येऊन पडतो.

आता विषयातले तीन शब्द. मॅट्रिक्स इन्व्हर्टिबल आहे, म्हणजे तिने केलेलं पूर्ण उलटवता येतं. उत्तरावरून मूळ बिंदू नेमका सांगता येतो. N ने (3, 5) आणि (8, 5) या दोघांना (5, 0) वरच नेलं, म्हणून मागे जायची वाट उरली नाही. ती इन्व्हर्टिबल नाही. दहावीच्या बीजगणितात क्रेमरच्या पद्धतीसाठी जो निश्चयक काढायचा असतो तोच इथला डिटरमिनंट: ad − bc. N साठी तो शून्य येतो, आणि शून्य डिटरमिनंट म्हणजे उलटवता न येणं. रँक म्हणजे मॅट्रिक्सने दिलेली सगळी उत्तरं एकत्र पाहिली तर ती किती मितींत पसरलेली आहेत. N ची सगळी उत्तरं (y, 0) अशी, म्हणजे आडव्या अक्षावर. एकच मिती, म्हणून रँक 1. आणि आयगेनव्हॅल्यू म्हणजे अशी संख्या λ, जिच्यासाठी शून्य नसलेला एखादा व्हेक्टर v असा सापडतो की Av = λv. म्हणजे मॅट्रिक्स लावल्यावर v आपली रेषा सोडत नाही, फक्त λ पट होतो. त्या v ला आयगेनव्हेक्टर म्हणतात.

N ची आयगेनव्हॅल्यू काढूनच पाहू. (y, 0) = (λx, λy) हवं. दुसऱ्या भागातून λy = 0, म्हणजे λ शून्य किंवा y शून्य. y शून्य घेतला तर पहिल्या भागातून λx = 0; x शून्य घेता येत नाही, कारण मग सगळा व्हेक्टरच शून्य होईल, म्हणून पुन्हा λ शून्यच. दोन्ही वाटांनी λ = 0 आणि तिचा आयगेनव्हेक्टर (1, 0), किंवा त्याच रेषेवरचा दुसरा कुठला. डिटरमिनंटच्या समीकरणातून काढलं तर λ² = 0 मिळतं, म्हणून शून्य ही आयगेनव्हॅल्यू दोनदा मोजतात. मोजली दोनदा, पण तिच्यासाठी आयगेनव्हेक्टरची रेषा मात्र एकच मिळाली. पुढचे बहुतेक सापळे या तफावतीतून निघतात.

संख्यांची सवय

‘AB = 0 असेल तर A किंवा B यांपैकी एक शून्य असते.’ संख्यांसाठी हे खरं आहे. समीकरणं सोडवताना आपण रोज वापरतो. मॅट्रिक्ससाठी खोटं. N × N = 0, आणि N शून्य नाही. याच विधानाचं वेषांतर म्हणजे ‘AB = AC आणि A शून्य नाही, तर B = C’. A = N, B = N, C = 0 घेतलं की दोन्हीकडे शून्य मिळतं आणि B, C मात्र वेगळे. दोन्ही बाजूंतून A काढून टाकायचा हक्क A शून्य नसल्यामुळे मिळत नाही, A इन्व्हर्टिबल असल्यामुळे मिळतो. संख्यांमध्ये या दोन्ही गोष्टी एकच असतात, म्हणून तिथे फरक कधी जाणवत नाही.

‘A आणि B इन्व्हर्टिबल असतील तर A + B इन्व्हर्टिबल असते.’ इथे एकक मॅट्रिक्स I आणि −I घ्या, बेरीज शून्य. गंमत अशी, की हे संख्यांसाठीसुद्धा खोटं आहे, 1 आणि −1 घेतले की लगेच दिसतं, तरीही मॅट्रिक्सच्या वेषात ते अनेकांना खरं वाटतं. AB बद्दलचं तेच विधान खरं असल्यामुळे हा घोटाळा होतो, असं माझं निरीक्षण आहे. गुणाकाराबद्दल पाठ केलेलं बेरजेला चिकटतं. उलट दिशाही तपासून ठेवावी: [1 0, 0 0] आणि [0 0, 0 1] या दोन्ही उलटवता न येणाऱ्या, आणि त्यांची बेरीज I.

‘A² = I असेल तर A = I किंवा A = −I.’ [1 0, 0 −1] घ्या. हा आडव्या अक्षातला आरसा. दोनदा आरसा धरला की मूळ प्रतिमा परत. ‘प्रत्येक वास्तव मॅट्रिक्सला निदान एक वास्तव आयगेनव्हॅल्यू असते’ हेही असंच खोटं: [0 −1; 1 0] ही मॅट्रिक्स प्रतल 90 अंशांत फिरवते, त्यामुळे एकही रेषा जागेवर राहत नाही; समीकरण λ² + 1 = 0 येतं. मात्र मॅट्रिक्स 3×3 असेल तर हेच विधान खरं होतं, कारण तिसऱ्या घाताच्या वास्तव समीकरणाला एक तरी वास्तव उकल असतेच. विधानात आकार दिला आहे का, हे म्हणून आधी पाहावं.

रँक मोजायची चुकीची फूटपट्टी

आता जो सापळा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो. ‘मॅट्रिक्सची रँक म्हणजे तिच्या शून्य नसलेल्या आयगेनव्हॅल्यूंची संख्या.’ हे विधान फार पटतं, कारण कर्णावर संख्या आणि बाकी सगळीकडे शून्य अशा मॅट्रिक्ससाठी ते डोळ्यांसमोर खरं दिसतं. [5 0, 0 0] ची रँक 1, आणि शून्य नसलेली आयगेनव्हॅल्यूही एकच. वर्गात सुरुवातीची उदाहरणं बहुधा अशीच असतात, त्यामुळे समज पक्का होतो.

N ने तो मोडतो. दोन्ही आयगेनव्हॅल्यू शून्य, तरी रँक 1. फरक आणखी ठळक पाहायचा तर 10×10 ची मॅट्रिक्स घ्या, जिच्यात कर्णाच्या लगेच वरच्या तिरप्या ओळीत नऊ एक आहेत आणि बाकी सगळीकडे शून्य. तिच्या दहाही आयगेनव्हॅल्यू शून्य आणि रँक 9. दहा मितींपैकी नऊ मिती ती जिवंत ठेवते, आणि आयगेनव्हॅल्यूंच्या यादीत याचा मागमूसही नाही.

असं का होतं ते पाहू. n×n मॅट्रिक्सची रँक r असेल तर तिने शून्यावर नेलेल्या व्हेक्टरांची मिती n − r असते. शून्यावर जाणारे व्हेक्टर म्हणजेच आयगेनव्हॅल्यू शून्यचे आयगेनव्हेक्टर. म्हणजे रँक आपल्याला सांगते, की शून्य या आयगेनव्हॅल्यूला स्वतंत्र आयगेनव्हेक्टर किती. समीकरणात शून्य ही उकल किती वेळा आली, ही दुसरी मोजणी. पहिली संख्या दुसरीपेक्षा मोठी कधीच होत नाही, पण लहान होऊ शकते, आणि N मध्ये तेच झालं: समीकरणात दोनदा, व्हेक्टर एकच. म्हणून खरं विधान एवढंच उरतं: शून्य नसलेल्या आयगेनव्हॅल्यूंची संख्या रँकेपेक्षा जास्त नसते. दोन्ही सारख्या असतातच असं म्हणायला मॅट्रिक्स डायगोनलाइझ होणारी असणं पुरेसं असतं, म्हणजे सगळी जागा भरून काढतील इतके आयगेनव्हेक्टर तिच्याकडे असणं.

इथून पुढची विधानं आपोआप सुटतात. ‘सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य असतील तर मॅट्रिक्स शून्य’: N मुळे खोटं. ‘A आणि A² ची रँक सारखी असते’: N ची रँक 1, N² ची 0, खोटं. ‘आयगेनव्हॅल्यू सारख्या असतील तर मॅट्रिक्स सिमिलर असतात’, म्हणजे एकच नियम वेगळ्या अक्षांतून पाहिला आहे असं म्हणता येतं: N आणि शून्य मॅट्रिक्स, दोघींच्या आयगेनव्हॅल्यू 0, 0, पण रँक वेगळी, खोटं. ‘A आणि तिची ट्रान्सपोज यांचे आयगेनव्हेक्टर तेच असतात’: ट्रान्सपोज केल्यावर [0 0, 1 0] मिळते, तिचा आयगेनव्हेक्टर (0, 1), तर N चा (1, 0), खोटं. आयगेनव्हॅल्यू मात्र दोघींच्या तंतोतंत सारख्या असतात, ते कायम खरं.

दोन प्रश्न, चार मॅट्रिक्स

‘इन्व्हर्टिबल मॅट्रिक्स डायगोनलाइझ होते.’ ‘डायगोनलाइझ होणारी मॅट्रिक्स इन्व्हर्टिबल असते.’ ही दोन्ही विधानं खोटी आहेत, आणि दरवर्षी दोन्हींना खरं मानणारे विद्यार्थी भेटतात. इन्व्हर्टिबल आहे का, हा प्रश्न एवढाच विचारतो की आयगेनव्हॅल्यूंमध्ये शून्य आहे का. डायगोनलाइझ होते का, हा प्रश्न विचारतो की आयगेनव्हेक्टर पुरेसे आहेत का. एकाच्या उत्तराने दुसऱ्याबद्दल काही कळत नाही. चार मॅट्रिक्स लक्षात ठेवाव्यात: I मध्ये दोन्हींचं उत्तर ‘हो’. शून्य मॅट्रिक्स कर्णरूपातच आहे, म्हणून डायगोनलाइझ होते, पण उलटवता येत नाही. N मध्ये दोन्ही ‘नाही’. राहिली चौथी:

J = [1 1; 0 1]

हिचा डिटरमिनंट 1, म्हणून इन्व्हर्टिबल. दोन्ही आयगेनव्हॅल्यू 1. ही डायगोनलाइझ झाली असती तर कर्णरूप I च मिळालं असतं, म्हणजे कुठल्या तरी P साठी J = P I P⁻¹. पण उजवीकडे P आणि P⁻¹ एकमेकांना खाऊन I उरते, आणि J तर I नाही. म्हणून ती डायगोनलाइझ होत नाही. ही एका ओळीची युक्ती फार कामाची आहे: जिच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू एकच संख्या c आहेत अशी मॅट्रिक्स डायगोनलाइझ झाली, तर ती cI च असते. मधलं काही शक्य नाही.

याच्याशेजारी नेहमी एक विधान ठेवलेलं असतं: ‘सगळ्या आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्या असतील तर मॅट्रिक्स डायगोनलाइझ होते.’ हे खरं. त्याची उलट बाजू, ‘डायगोनलाइझ होते म्हणजे आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्या’, खोटी. त्याला I पुरते.

ओळींवरची कामं आणि आयगेनव्हॅल्यू

रँक काढायची असली की आपण ओळींवर कामं करतो: एका ओळीच्या पटीने दुसरीतून वजाबाकी, ओळींची अदलाबदल, असं करत पायऱ्यांचं रूप आणतो. तिथे खालच्या त्रिकोणात शून्यं येतात. वरच्या त्रिकोणी मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू तिच्या कर्णावरच असतात, हे खरं विधान विद्यार्थ्याला आठवतं, आणि तो कर्णावरचे आकडे मूळ मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू म्हणून लिहून मोकळा होतो.

[2 1, 1 2] घेऊ. (1, 1) वर लावली की (3, 3) मिळतं. (1, −1) वर लावली की (1, −1). म्हणजे आयगेनव्हॅल्यू 3 आणि 1. आता दुसऱ्या ओळीतून पहिलीची निमपट वजा करा: [2 1, 0 1.5]. कर्णावर 2 आणि 1.5. मूळच्या 3 आणि 1 कुठेच नाहीत. गुणाकार मात्र दोन्हीकडे 3 आहे, आणि या योगायोगामुळे चूक पकडली जात नाही. हा गुणाकार म्हणजे डिटरमिनंट, आणि एका ओळीची पट दुसरीत मिळवल्याने किंवा वजा केल्याने तो बदलत नाही. बेरीज पाहिली तर लगेच कळतं: आधी 4, आता 3.5. कर्णाची बेरीज आणि आयगेनव्हॅल्यूंची बेरीज सारखी असावी लागते, म्हणून मूळ मॅट्रिक्सच्या कर्णाशी ताडून पाहणं हा सोपा उपाय. ओळींची अदलाबदल केली तर डिटरमिनंटचं चिन्हही पालटतं: [0 1, 1 0] च्या आयगेनव्हॅल्यू 1 आणि −1, ओळी बदलल्या की I. ओळींवरच्या कामांनी रँक टिकते, शून्यावर जाणारे व्हेक्टर तेच राहतात, इन्व्हर्टिबल असणं-नसणं टिकतं. त्यापलीकडे आयगेनव्हॅल्यूंबद्दल काहीही टिकेल असं धरून चालू नये.

बेरीज-गुणाकाराचा सापळाही इथेच उरकतो. ‘A ची आयगेनव्हॅल्यू λ आणि B ची μ असेल तर A + B ची λ + μ आणि AB ची λμ असते.’ N आणि तिची ट्रान्सपोज घ्या. दोघींकडे शून्याशिवाय दुसरी आयगेनव्हॅल्यू नाही. बेरीज [0 1, 1 0], तिच्या आयगेनव्हॅल्यू 1 आणि −1. गुणाकार, N आधी लिहून, [1 0, 0 0], तिच्या 1 आणि 0. विधान तेव्हा खरं ठरतं जेव्हा दोघींचा आयगेनव्हेक्टर एकच असतो. λ एका व्हेक्टरासाठी आणि μ दुसऱ्याच व्हेक्टरासाठी असेल तर त्यांची बेरीज करण्याला काही अर्थ नाही. B ऐवजी cI असेल तर कुठलाही व्हेक्टर चालतो, म्हणून A + cI च्या आयगेनव्हॅल्यू λ + c, हे कायम खरं.

एक प्रश्न पूर्ण सोडवून

आता परीक्षेत येतो तसा एक प्रश्न घेऊ. A ही 5×5 ची वास्तव मॅट्रिक्स आहे आणि A² = 0. पुढील कोणती विधानं बरोबर? (अ) A = 0. (आ) A ची रँक जास्तीत जास्त 2. (इ) I + A इन्व्हर्टिबल आहे. (ई) A आणि तिची ट्रान्सपोज यांच्या बेरजेच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य आहेत.

(अ) साठी N आठवते, पण ती 2×2 आहे आणि इथे 5×5 हवी. डाव्या-वरच्या कोपऱ्यात N बसवा आणि बाकी सगळीकडे शून्य भरा. वर्ग शून्यच येतो, A शून्य नाही. लहान प्रतिउदाहरण मोठ्या आकारात न्यायची ही रीत बहुतेक वेळा चालते. मॅट्रिक्स इन्व्हर्टिबल ठेवायची असेल तेव्हा उरलेल्या कर्णावर शून्याऐवजी एक भरायचे. (अ) चूक.

(आ) बघताना प्रतिउदाहरण शोधत बसू नये, आधी A² = 0 काय सांगतं ते वाचावं. A ने दिलेलं प्रत्येक उत्तर पुन्हा A लावल्यावर शून्य होतं. म्हणजे उत्तरांची सगळी जागा, जिची मिती r, शून्यावर जाणाऱ्या व्हेक्टरांच्या जागेत मावते, जिची मिती 5 − r. म्हणून r ≤ 5 − r, म्हणजे 2r ≤ 5, आणि r पूर्णांक असल्याने r ≤ 2. कर्णावर दोन N आणि एक 0 अशी मांडणी केली तर रँक नेमकी 2 येते, म्हणजे ही मर्यादा गाठताही येते. (आ) बरोबर.

(इ) साठी (I + A)(I − A) = I − A² = I. इन्व्हर्स हातातच आला: I − A. आयगेनव्हॅल्यूंकडूनही हेच दिसतं: A च्या सगळ्या शून्य, म्हणून I + A च्या सगळ्या 1, शून्य एकही नाही. (इ) बरोबर. (ई) साठी (अ) मधलीच मॅट्रिक्स पुरते. बेरजेच्या आयगेनव्हॅल्यू 1, −1, 0, 0, 0 येतात. चूक. उत्तर (आ) आणि (इ).

AB आणि BA

AB आणि BA वेगळ्या असू शकतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण किती वेगळ्या? ‘AB आणि BA च्या आयगेनव्हॅल्यू सारख्या असतात’ हे चौरस मॅट्रिक्ससाठी खरं आहे, आणि त्यामुळेच ‘AB आणि BA ची रँक सारखी असते’ हे विधानही ओघात खरं मानलं जातं. E = [1 0; 0 0] घ्या, जी (x, y) ला (x, 0) वर नेते. NE मध्ये आधी E: (x, y) चा (x, 0), मग N ने (0, 0). म्हणजे NE = 0. EN मध्ये आधी N: (y, 0), मग E ने तोच (y, 0). म्हणजे EN = N. एकीची रँक 0, दुसरीची 1. आयगेनव्हॅल्यू दोन्हींच्या 0, 0, ठरल्याप्रमाणे सारख्या.

हे प्रतिउदाहरण कुठे शोधायचं, हेही आधीच ठरवता येतं. A किंवा B यांपैकी एक जरी इन्व्हर्टिबल असती तर विधान खरं झालं असतं: A इन्व्हर्टिबल असेल तर A⁻¹(AB)A = BA, म्हणजे दोघी सिमिलर, मग रँक सारखीच. म्हणून दोन्ही उलटवता न येणाऱ्याच घ्याव्या लागतात.

‘AB = I असेल तर BA = I’ हे विधान चौरस मॅट्रिक्ससाठी खरं आहे, आणि परीक्षक ‘चौरस’ हा शब्द गाळून तेच विचारतात. A = [1 0], एकच ओळ, आणि B = [1; 0], एकच स्तंभ. AB = [1], एका आकाराची एकक मॅट्रिक्स. BA मात्र आपली E. दोन मितींतून एका मितीत येऊन परत दोन मिती भरता येत नाहीत. BA ची रँक 1 च्या वर जाऊच शकत नाही.

स्क्रीनवरचा आकडा

N चं आणखी एक वागणं परीक्षेबाहेर, संगणकावर काम करणाऱ्यांना अडचणीत आणतं. तिच्या खालच्या डाव्या शून्याच्या जागी 0.0001 ठेवा: [0 1, 0.0001 0]. समीकरण λ² = 0.0001, म्हणून आयगेनव्हॅल्यू 0.01 आणि −0.01. दहाहजारांशाने हललो आणि आयगेनव्हॅल्यू शंभरांशाने हलली. संगणक साधारण 16 अंकांपर्यंत अचूक असतो. समजा त्या कोपऱ्यात 10⁻¹⁶ एवढी चूक शिरली, तर आयगेनव्हॅल्यू 10⁻⁸ येते. ही संख्या गोळाबेरजेच्या चुकीपेक्षा दहा कोटी पटींनी मोठी, म्हणून पाहणारा तिला खरीच शून्य नसलेली आयगेनव्हॅल्यू समजतो. रँक मोजायला NumPy मधलं `matrix_rank` आयगेनव्हॅल्यू वापरत नाही, सिंग्युलर व्हॅल्यू वापरतं. N च्या सिंग्युलर व्हॅल्यू 1 आणि 0. ती चूक शिरल्यावर 1 आणि 10⁻¹⁶. दुसरी इतकी लहान, की फंक्शन तिला शून्य धरतं आणि रँक 1 सांगतं.

शेवटी, N चा उपद्रव कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. मॅट्रिक्स वास्तव आणि सिमेट्रिक असेल, म्हणजे आपल्या ट्रान्सपोजशी सारखी असेल, तर ती नेहमी डायगोनलाइझ होते. मग रँक म्हणजे शून्य नसलेल्या आयगेनव्हॅल्यूंची संख्या, सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य म्हणजे मॅट्रिक्स शून्य, A आणि A² ची रँक एकच. वर खोटी ठरलेली ही तिन्ही विधानं खरी होतात. म्हणून विधानात ‘सिमेट्रिक’ हा शब्द दिसला की आधीची घाईची ‘चूक’ खोडावी लागते. पण त्याच्यासोबत ‘वास्तव’ हा शब्दही आहे ना, तेवढं पाहा. [1 i, i −1] ही मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे आणि शून्य नाही. i² = −1 वापरून तिचा वर्ग स्वतः काढा: चारही जागी शून्य येतं.